जुन्या बाजारातली निकी: फोटोत दिसली तिथपासून घरी येईपर्यंत

हे मी अशा लोकांसाठी लिहितोय ज्यांना जुन्या बाजारातून एखादी जुनी खेळण्यातली गाडी घ्यायची आहे पण किंमत किती सांगायची, माल खरा आहे का हे कसं बघायचं, आणि विकणाऱ्याला वस्तूची किंमत माहीत नसेल तर काय करायचं हे कळत नाही. मला पण कळत नव्हतं आणि मराठीत कुठे नीट सापडलंही नाही. मी अकरावीत आहे, पुण्यात कोथरूडला राहतो, आणि भारतात बनलेल्या धातूच्या छोट्या गाड्या जमवतो, म्हणजे मॅक्सवेलच्या मॅचबॉक्स, कलकत्त्याच्या मिल्टनच्या वगैरे. त्यातली निकी टॉइज नावाची गाडी मला कधीच मिळाली नव्हती, नुसते फोटो बघितले होते.

5 नोव्हेंबर 2025, बुधवार. त्रिपुरी पौर्णिमा होती आणि आत्याला जुन्या पितळी समया हव्या होत्या म्हणून ती सकाळीच जुन्या बाजारात गेली होती. मंगळवार पेठेतला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिने फॅमिली ग्रुपवर समयांचे फोटो टाकले, यातली कुठली घेऊ म्हणून. आई आणि काकू समयांवर चर्चा करत होत्या आणि मी फोटोचा डावा कोपरा झूम करत बसलो होतो. तिथे एक फुलाफुलांचा स्टीलचा ट्रे होता, त्यात नळाच्या तोट्या, कुलपं, एक फुटका टॉर्च, आणि त्यांच्यामध्ये फिकट निळ्या रंगाच्या गाडीचं तोंड.

त्या तोंडावर दोन्ही बाजूंना दोन-दोन दिवे होते आणि ते तिरके बसवलेले होते. मला जे काही सुचलं ते या चार दिव्यांमुळे, म्हणून त्याबद्दल थोडं सांगतो.

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला मेकॅनो नावाची कंपनी होती, तिच्या डिंकी टॉइज म्हणजे धातूच्या गाड्या. आपल्याकडे परदेशी माल आणण्यावर तेव्हा खूप बंधनं होती. साठच्या दशकाच्या शेवटी डिंकीचे काही जुने साचे कलकत्त्याला आले आणि त्यातून इथेच गाड्या ओतायला लागले, त्यांचं नाव निकी टॉइज. साच्यातलं डिंकी हे नाव खोडून निकी टाकलं. आता डिंकीकडे ट्रायम्फ विटेस नावाच्या गाडीचा साचा होता. विटेस ही ट्रायम्फ हेरल्डची भारी बहीण, बॉडी बरीचशी तीच पण पुढे चार तिरके दिवे. आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड कंपनी हेरल्डच बनवायची, 1961 पासून, आजोबांच्या वयाच्या कुणालाही विचारा, स्टँडर्ड हेरल्ड म्हटलं की लगेच ओळखतात. तर निकीने तो विटेसचा साचा वापरून गाडी काढली आणि विकली स्टँडर्ड हेरल्ड म्हणून. खऱ्या स्टँडर्ड हेरल्डला पुढे दोनच दिवे, या खेळण्याला चार. म्हणजे अशी हेरल्ड रस्त्यावर कधी धावलीच नाही, फक्त मुलांच्या हातात धावली. मला ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हापासून ती गाडी हवी होती.

पण चार तिरके दिवे दिसले म्हणजे निकीच असं होत नाही. मूळ इंग्लिश डिंकी असू शकते, एखादं प्लास्टिकचं साधं खेळणं असू शकतं. व्हॉट्सअपवर फोटो दाबला जातो, झूम केलं की नुसते चौकोन दिसतात. म्हणून आत्याला फोन केला आणि म्हटलं, आत्या, तोच फोटो मला डॉक्युमेंट म्हणून पाठव ना. तिला कसं करायचं ते सांगायला थोडा वेळ गेला पण मूळ साइजचा फोटो आला आणि फरक खूप होता. ही टीप नक्की लक्षात ठेवा, फोटोवरून काहीही ओळखायचं असेल तर आधी मूळ फाइल मागा.

मोठ्या फोटोत तीन गोष्टी बघितल्या. पहिली म्हणजे साइज. गाडीला टेकून एक पेन्सिल सेल पडला होता. पेन्सिल सेल सगळीकडे साधारण 5 सेंटीमीटरचा असतो. लॅपटॉपवर फोटो मोठा करून स्क्रीनवर पट्टी धरली, सेल 3 सेंटीमीटर आला, गाडीचा शेपटाकडचा भाग एका कुलपाच्या मागे होता पण टोक दिसत होतं, ती 5.1 आली. म्हणजे सेलच्या 1.7 पट, म्हणजे साडेआठ सेंटीमीटर. मॅचबॉक्सची साधी गाडी साडेसहा-सातच्या आसपास असते, डिंकीच्या साच्यातली ही साडेआठच्या जवळपास यायला हवी. हा हिशोब तेव्हाच चालतो जेव्हा दोन्ही वस्तू कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर आणि एकाच दिशेला पडलेल्या असतात, इथे त्या शेजारी-शेजारी होत्या म्हणून मी धरला. दुसरी, चाक. टायर वेगळा काळा आणि आतली रिम वेगळी चमकणारी दिसत होती, साध्या प्लास्टिकच्या गाडीत सगळं एकच काळं असतं. तिसरी गोष्ट रंग. रंग जाड होता, दरवाज्याची रेघ जवळजवळ भरून गेली होती. इंग्लिश डिंकीचा रंग पातळ आणि रेघा धारदार असतात, निकीचा बऱ्याचदा असा जाड असतो. अर्थात घरी कुणीतरी नंतर रंगवलेली असेल तरी तो जाडच दिसणार, त्यामुळे हे फोटोवरून ठरत नव्हतं.

आत्या तोपर्यंत घरी निघाली होती. माझं कॉलेज, त्यामुळे रविवारपर्यंत थांबणं आलं. ते दिवस मला जड गेले, सारखं वाटायचं की कुणीतरी उचलणार. पण आता वाटतं ते दिवस मिळाले ते बरं झालं कारण किंमतीचा विचार तेव्हाच झाला.

किंमत बघायची तर लोक साइटवर जे आकडे टाकतात ते बघू नका, ती नुसती मागणी असते, कुणीही काहीही टाकतं. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंचं फिल्टर असतं ते लावा. तिथे मला निकीच्या गाड्या थोड्याच दिसल्या, पण ज्या खोक्याशिवाय आणि रंग उडालेल्या होत्या त्या साधारण अडीच ते साडेतीन हजार रुपयांना गेलेल्या होत्या. मी मध्यम धरून 3000 घेतले. हे पूर्ण गाडीचे, म्हणजे सगळे टायर, काच, सगळं असलेल्या. आत्याच्या फोटोत पुढचा एक टायर नव्हता, त्यासाठी आणि बाकी काही निघालं तर म्हणून 500 कमी केले. राहिले 2500. विकणाऱ्याने ती स्वतः ऑनलाइन विकली असती तर साइटचं कमिशन, पॅकिंग, कुरियर यात अजून पाचशे तरी गेले असते. म्हणजे त्याच्या हातात जास्तीत जास्त 2000, आणि तेही महिनाभर वाट बघून आणि त्याला मुळात हे सगळं येत असेल तर. दुसरीकडे, जो डीलर त्याच्याकडून घेईल तो पुढे विकायचा म्हणून निम्म्याच्या आसपासच देईल, म्हणजे हजार-बाराशे. तर माझ्या मते योग्य किंमत हजार ते दोन हजारच्या मध्ये कुठेतरी. माझ्याकडे दिवाळीला आजोबांनी दिलेले आणि आधीचे साठवलेले मिळून 1500 होते. हे सगळं एका कागदावर लिहून ठेवलं.

मग आत्या म्हणाली की त्या ट्रेमधलं काहीही दीडशेला होतं, तिने समईसाठी घासाघीस करताना ऐकलं होतं.

हे ऐकल्यावर मी बराच वेळ गप्प बसलो होतो. दीडशेला. काही न बोलता दीडशे द्यायचे आणि निघायचं, यात कायद्याने काही चूक नाही, बाजारात सगळे असंच करतात, आणि ज्याने अभ्यास केला त्याला त्याचा फायदा मिळावा हेही मला पटतं. पण मी गाडी हातात घेऊन "काका, हे काय भंगार आहे, पन्नासला द्या" असं म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि खोटं न बोलता गप्प राहिलो तरी त्यांनी विचारलं असतं की बाळा हे काय आहे तर मी काय सांगणार होतो? आईशी बोललो. ती म्हणाली तुला ती गाडी रोज बघायची आहे ना, मग अशा भावात घे की बघताना बरं वाटेल. मी एवढंच ठरवलं की विचारलं तर खरं सांगायचं आणि मालाला नावं ठेवून भाव पाडायचा नाही, जे दोष खरंच आहेत तेवढेच बोलायचे.

9 नोव्हेंबर, रविवार. आनंदनगरहून मेट्रो पकडली, मंगळवार पेठ स्टेशनला उतरलो, तिथून बाजार चालत जाण्यासारखा आहे, गाडी नेऊ नका कारण पार्किंगसाठीच अर्धा तास जातो. नऊच्या आत पोचलो. रविवारी गर्दी बुधवारपेक्षा खूप जास्त असते आणि मला वाटलं होतं फोटोतली निळी ताडपत्री बघून दुकान सापडेल, पण निळ्या ताडपत्र्या तर सगळीकडेच. मग मी ताडपत्री सोडून तो फुलांचा ट्रे शोधायला लागलो आणि दोन-तीन लोकांना फोटो दाखवला. एका घड्याळंवाल्या काकांनी ट्रे बघून लगेच सांगितलं, हा तो स्टोव्हवाल्याचा, पलीकडच्या रांगेत बसतो आज.

ट्रे होता. गाडी ट्रेमध्ये होती.

काका साठीचे असतील, स्टोव्हचे बर्नर साफ करत बसले होते. मी विचारलं, काका, हातात घेऊन बघू का? हे विचारायलाच हवं, बऱ्याच जणांना न विचारता हात लावलेला आवडत नाही. ते म्हणाले बघ की, त्याला काय.

आता हातात घेतल्यावर काय बघायचं ते सांगतो. आधी वजन, ही गाडी हातात जड लागते. मग मी खिशातून छोटं लोहचुंबक काढून टपाला लावलं, चिकटलं नाही. डिंकी आणि निकीची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, तिला चुंबक चिकटत नाही, पत्र्याच्या खेळण्याला चिकटतं. मग उलटी केली. खाली तळाची पट्टी असते, तिच्यावर निकी टॉइज हे इंग्रजीत उठावाच्या अक्षरात होतं, आणि त्याच्या बाजूचा भाग खडबडीत, जिथे साच्यातली जुनी अक्षरं काढून टाकलेली. बोट फिरवलं की कळतं. तेव्हाच खात्री झाली आणि खरं सांगायचं तर हात थरथरत होता.

पण तेवढ्यावर थांबायचं नसतं. तळाची पट्टी बॉडीला रिव्हेटने बसवलेली असते, म्हणजे बॉडीचाच एक खुंट पट्टीतून वर येतो आणि तो ठोकून पसरवलेला असतो. कुणी गाडी उघडून पुन्हा रंगवली असेल तर तो खुंट ड्रिलने कापलेला असतो आणि तिथे स्क्रू किंवा गोंद दिसतो. इथे दोन्ही रिव्हेट जुनेच होते, काळे पडलेले. न उघडता ब्रशने रंगवली असेल तर रंग टायरला, रिमला, काचेच्या कडेला लागलेला दिसतो, तसंही नव्हतं. म्हणजे तो जाड रंग कारखान्यातलाच. शेवटी फोनचा टॉर्च लावून बॉडीवर बारीक जाळीसारख्या चिरा आहेत का ते बघितलं, कारण या मिश्रधातूत ओतताना शिसं मिसळलं गेलं असेल तर काही वर्षांनी धातू आतून फुगतो, चिरतो आणि शेवटी हातात तुकडे येतात, याला काही इलाज नाही, कितीही स्वस्त मिळाली तरी अशी गाडी घेऊ नये. या गाडीला तशा चिरा नव्हत्या, बंपर सरळ होते. दोष होते ते असे, पुढचा उजवा टायर नाही, पुढच्या काचेला तडा, टपावरचा आणि कडांचा रंग बराच उडालेला.

मी एवढा वेळ बघतोय म्हटल्यावर काकांनी बर्नर खाली ठेवला. "काय रे पोरा, दीडशे रुपयाच्या खेळण्याला टॉर्च लावून बघतोयस, सोनं हाय का काय त्यात?"

त्यांनी विचारलं. मग मी सांगितलं. कलकत्त्याचं, साच्याचं, हेरल्डचं सगळं. खोडलेल्या अक्षरांवरून त्यांचं बोट फिरवायला लावलं. हेरल्ड म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला, म्हणाले आमच्या आळीत एका डॉक्टरांकडे होती, पांढरी. मग माझ्याकडून गाडी परत घेतली, निरखून बघितली, आणि म्हणाले, "मग ही पाच हजाराला."

हे होणारच होतं आणि यात काकांचं काही चुकलं असं मला अजिबात वाटत नाही. अनोळखी पोरगा येऊन सांगतो की वस्तू दुर्मीळ आहे, तर ते काय दीडशेच म्हणणार? तुम्ही खरं सांगायचं ठरवलं तर या क्षणाची तयारी ठेवून जा, म्हणून तर आकडे लिहून न्यायचे. मी खाली बसलो आणि कागद काढला. ईबेवरच्या विकल्या गेलेल्या गाड्या फोनवर दाखवल्या, पण नुसत्या स्वस्तातल्या नाही, साडेतीन हजाराची पण दाखवली, ती का महाग गेली तेही सांगितलं, की तिला चारही टायर आणि काच शाबूत होती. काकांनी एक खोक्यासकटची बघितली तिची किंमत बरीच जास्त होती, त्यांनी लगेच बोट ठेवलं, ही बघ. मी म्हटलं काका, खोकं पातळ पुठ्ठ्याचं असायचं, मुलं पहिल्याच दिवशी फाडून टाकायची, म्हणून त्याला एवढी किंमत, तुमच्याकडे खोकं असेल तर मला परवडणारच नाही. ते हसले. मग मी तीन हजारातून पाचशे, मग कमिशन-कुरियरचे पाचशे, असं त्यांना हिशोब करून दाखवला. कुरियरच्या पाचशेवर त्यांनी हरकत घेतली, म्हणाले मी कशाला कुरियर करू, मी इथंच विकणार. मी म्हटलं इथे विकणार तर गिऱ्हाईक इथलंच. त्यावर ते थोडे थांबले.

मी हजार म्हटलं. ते अडीच हजारावर आले. मी म्हटलं माझ्याकडे सगळे मिळून पंधराशे आहेत, हे खोटं नव्हतं, पण आता पुन्हा केलं तर हा आकडा मी जरा उशिरा सांगेन कारण एकदा सांगितलं की बोलणं तिथेच येऊन अडकतं. काका म्हणाले मग पंधराशे दे. मी म्हटलं टायर आणि काच मला विकत घ्यायची आहे, तेराशे करा. बाजूचा कुलूपवाला मध्येच बोलला, अरे चौदाशे करून टाका दोघं. आणि चौदाशेला जमलं. हे सगळं अर्धा-पाऊण तास चाललं होतं, मधे त्यांची दोन गिऱ्हाइकं झाली तेव्हा मी गप्प बसलो. त्यांचा धंदा चालू असताना मधे बोलू नका, नंतर ते तुमच्याशी नीट बोलतात.

मी पैसे काढायला लागलो तर काकांनी हात वर केला. "तू किती वर्षांचा?" सोळा म्हटलं. "मग घरच्या मोठ्या माणसाला घेऊन ये. शंभर-दोनशेचं ठीक हाय, चौदाशे घेतले आणि उद्या तुझी आई आली की माझ्या पोराला फसवलं म्हणून, तर?" मला वाईट वाटलं पण त्यांचं बरोबर होतं. आईला फोन लावून दिला तरी ते तयार नव्हते, समोर माणूस पाहिजे. आई त्या दिवशी ड्यूटीवर, आत्या साताऱ्याला. आणि बुधवारी माझी प्रॅक्टिकल. म्हणजे थेट पुढचा रविवार.

इथे विसार कामाला आला. मी म्हटलं काका, दोनशे विसार घ्या आणि गाडी बाजूला ठेवा. दोनशे घ्यायला ते तयार झाले. वहीचं पान फाडून मी चिठ्ठी लिहिली: तारीख, निकी टॉइजची फिकट निळी गाडी, एक टायर नाही, काचेला तडा, ठरलेली एकूण किंमत 1400, विसार 200 मिळाला, बाकी 1200, रविवार 16 नोव्हेंबर. खाली त्यांची सही, नाव, माझी सही. आणि चिठ्ठी आणि गाडी दोन्हीचा एकत्र फोटो काढला, एक फोटो त्यांच्या फोनवर पण पाठवला. चिठ्ठीत नुसता विसार लिहू नका, एकूण किंमत लिहाच, हे मी पुढे काय झालं त्यावरून सांगतोय. दुसरं म्हणजे जुन्या बाजारात पक्कं बिल मिळत नाही, पण वस्तू कुणाकडून, कधी, कितीला घेतली हे तुमच्याकडे लिहिलेलं असलं तर पुढे कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी असतं. मी काकांना ती गाडी त्यांच्याकडे कुठून आली हेही विचारलं होतं, एका वाड्याचं सामान त्यांनी घेतलं होतं त्यात आलेली. हा प्रश्न सरळ विचारावा, उत्तर टाळलं तर वस्तू सोडून द्यावी.

पुढचा आठवडा. काही विशेष नाही, फक्त बुधवारी संध्याकाळी काकांचा फोन आला, आणि माझ्या पोटात गोळा आला. ते म्हणाले एक माणूस आला होता, जुन्या वस्तूंचा व्यापारी, त्याला गाडी दाखवली, तो दोन हजार म्हणतोय. मी म्हटलं काका, विसार दिलाय. ते म्हणाले हो हो, ये तू रविवारी, आणि फोन ठेवला.

16 नोव्हेंबरला आत्या सोबत होती. काकांनी पिशवीतून गाडी काढली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. आणि आत्याला म्हणाले, "ताई, दोन हजाराचं गिऱ्हाईक परत पाठवलंय, सतराशे तरी द्या." आत्या माझ्याकडे बघायला लागली. मी ठरवून गेलो होतो की चिडायचं नाही. मी चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, काका, दोन हजार तुम्हाला मिळाले असते हे मला मान्य आहे, आणि मी सांगितलं नसतं तर त्या माणसाला तुम्ही दीडशेलाच दिली असती हेही खरं आहे. आपण दोघांनी बसून ठरवलेला आकडा हा आहे. त्यांनी चिठ्ठी चष्मा लावून पूर्ण वाचली, स्वतःची सही बघितली. मग म्हणाले, "सही केलीय म्हणजे केलीय. काढा बाराशे." जरा नाराज होते, लपवलं नाही त्यांनी, पण पैसे मोजून घेतले आणि चिठ्ठीवर "पूर्ण रक्कम मिळाली" असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं. पैसे रोख दिले, सुट्टे घेऊन गेलो होतो. आत्याने तिथून एक जुना पितळी डबा घेतला आणि काकांनी सांगितला त्या भावाला घेतला, मला वाटतं मुद्दाम.

जाताना काका म्हणाले, "आता अशा गाड्या आल्या की तुला फोटो पाठवतो. भाव तूच सांग, पण खरा सांग." त्यांनी त्यानंतर खरंच दोन फोटो पाठवलेत, दोन्ही साधी प्लास्टिकची होती, तसं त्यांना कळवलं.

घरी आणल्यावर काय केलं तेही लिहितो, कारण इथे बऱ्याच गाड्या खराब होतात. पाण्यात साबण घालून धुवायची नाही, रंगाला जिथे आधीच पापुद्रे सुटलेत तिथून पाणी आत जातं, आणि तळाची पट्टी आणि चाकांचे दांडे गंजतात. मी मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढली, चाकांच्या दांड्याला गुंडाळलेले केस टूथपिकने काढले, बास. रंगवायचं तर अजिबात नाही, कारखान्यातला उडालेला रंग हाच तिचा पुरावा आहे आणि नवीन रंग दिला की जमवणाऱ्यांसाठी तिची किंमत एकदम उतरते. टायरसाठी बाकीच्या टायरचा बाहेरचा आणि आतला व्यास पट्टीने मोजला आणि जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका माणसाकडून चारचा सेट मागवला, कुरियर धरून 180 रुपये, यायला नऊ दिवस. त्यातला एकच लावला, बाकीचे तीन मूळ टायर तसेच ठेवले, नवे तीन वेगळ्या पाकिटात. नवा टायर जरा जास्त काळा दिसतो, असू दे. काच बदलायची तर रिव्हेट कापावे लागतील, ते मी करणार नाही.

एकूण खर्च 1400 अधिक 180, मेट्रोचं तिकीट वेगळं. आजोबांना दाखवली तेव्हा त्यांनी आधी पुढून बघितलं आणि म्हणाले हेरल्डला चार दिवे कुठले, आणि मग मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगायला बसलो.